मिठाची पुरचुंडी आणि सासूबाईंचं लुगडं

पावसाळ्यात आमच्याकडे कुणी आलं की आधी नाक आक्रसतं आणि मग खुर्चीवर टेकतं. मला तो वास आता येत नाही. लग्न होऊन रोह्याला आले त्याला तीस वर्षं झाली, आणि त्या वासाशी माझं भांडण पहिल्या पाच वर्षांतच संपलं. वासाशी संपलं, पण मागच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीशी ते अजून चालू आहे. पाऊस आमच्याकडे तिकडूनच झोडपतो. आषाढात ती भिंत हात लावला तर गार, ओलसर लागते, आणि कोपऱ्यात छताखाली काळे ठिपके उठतात. आधी मोहरीएवढे, मग उडदाएवढे, आणि दुर्लक्ष केलं तर सगळे एकमेकांत मिसळून हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात रंगारी आला होता. "ताई, भारीतला रंग हाय. आता बुरशीचं नाव नाय निघायचं," असं म्हणाला आणि जुनी बुरशी न खरवडता तिच्यावरच दोन हात मारून गेला. मी त्याच्या मागे उभी राहून सांगत होते, पण बाईमाणसाचं रंगातलं कोण ऐकतं? पहिल्याच जोराच्या पावसात त्या भारीतल्या रंगाला फुगे आले आणि फुग्यांच्या कडेकडेनं काळी नक्षी बाहेर आली. तो दिसला असता तर त्याला त्या कोपऱ्यात तोंड करून उभा केला असता.

त्याच भिंतीला टेकून आमचं लोखंडी कपाट होतं. दुसरी जागा नव्हती. कपाटात पाठीमागून ओल, दारं बंद, वारा नाही, म्हणजे बुरशीला माहेरपण. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठ दिवसांनी मी ते कपाट रिकामं करायची, आतून पुसायची, पंख्याखाली दारं उघडी टाकायची आणि कपडे परत लावायची. सुती कपड्यांचे तर लाड करावे लागतात. पॉलिस्टर कशालाही दाद देत नाही, पण सुती कापड हवेतली ओल शोषून घेतं आणि चार दिवसांत त्याला कुबट वास यायला लागतो. डांबराच्या गोळ्या टाकून काही होत नाही. त्या गोळ्यांनी किडा-झुरळ पळतं, बुरशी नाही. पण हे मी शेजारच्या बायकांना सांगून सांगून थकले.

माझ्याकडे माझा स्वतःचा उपाय होता, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. आमची मिठागरातली माणसं. आजोबा, वडील, काका सगळ्यांचं आयुष्य मिठात गेलं. आता मिठागरं बरीचशी पडीक आहेत आणि धाकटा भाऊ पेणला गणपतीच्या कारखान्यात जातो, पण माझ्या घरी वर्षाचं जाडं मीठ अजून तोच खाडीचं पाठवतो. हे मीठ दुकानातल्या पिशवीतल्या मिठासारखं कोरडं राहत नाही. त्याला खाडीचा कडवटपणा असतो आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्याकडे दमट कोपऱ्यात अशा मिठाची पुरचुंडी टांगायची पद्धत होती. मी सासरी तीच आणली. कपाटातल्या दांडीला फडक्यात बांधलेलं शेरभर मीठ टांगायचं, खाली स्टीलची वाटी ठेवायची. वाटीत पाणी साचतं, ते आठ दिवसांनी ओतायचं, मीठ तव्यावर कोरडं करून परत बांधायचं. हे सगळं नेमानं केलं तर उपाय खरा आहे. नेमानं केलं तर.

सासूबाई या मिठाला हसायच्या. त्या निडी गावाकडच्या भातशेतीतल्या. "मिठानं भिंत सुकली असती तर खाडीत कोण बुडला नसता," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी ते मनात ठेवलं.

आता त्यांच्या लुगड्याचं सांगायला हवं.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेरचं लुगडं यावं लागतं. ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरची माणसं लांबची असली तर थांबतात. सासूबाईंना एकच भाऊ होता. त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेला, मग भावजय गेली, जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली आणि घराच्या जागी आता कुणाचा तरी बंगला आहे. म्हणजे लुगडं आणणारं कुणी उरलं नव्हतं. पण भावानं त्याच्या शेवटच्या भाऊबीजेला त्यांना एक नऊवारी सुती लुगडं दिलं होतं, निळं, डाळिंबी काठांचं. ते त्यांनी कधी नेसलं नाही. भाऊ गेल्यावर ते माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ह्ये ठेव गो. माझ्या टायमाला काढ." तेव्हापासून ते लुगडं माझ्या कपाटात होतं. बावीस वर्षं.

दर वर्षी दिव्याच्या अवसेला, दिवे घासून झाले की त्या म्हणायच्या, "लुगडं दाखव." मी आणून मांडीवर ठेवायची. त्यांना डोळ्यांनी धूसर दिसायचं, पण हातानं काठ चाचपायच्या, नाकाजवळ न्यायच्या आणि परत द्यायच्या. वयाची ऐंशी ओलांडलेली बाई, तिला दागिन्यांची काळजी नव्हती, औषधांची नव्हती. या एका लुगड्याची होती. आणि ते राखायचं काम माझ्याकडे होतं.

ज्या पावसाळ्याची गोष्ट सांगते आहे, त्या आषाढात माझ्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पनवेलला माझी मुलगी राहते. तिच्याकडे आम्ही तिघंही गेलो, सासूबाईंसकट. चार-पाच दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं. पण निघताना मी हुशारी केली. आठ दिवसांचा नेम चुकला तर, म्हणून पुरचुंडीत दुप्पट मीठ भरलं. दुप्पट मीठ म्हणजे दुप्पट कोरडं कपाट, असा हिशेब. मिठागरातल्या मुलीनं असा हिशेब करावा! दुप्पट मीठ दुप्पट पाणी ओढणार, आणि वाटी तेवढीच. आजोबा असते तर डोक्यात टपली मारली असती.

एका डोळ्याचं करता करता दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन निघालं, आणि आम्ही सोळा दिवस पनवेलला अडकलो. पाऊस एक दिवस थांबला नाही. घर बंद, खिडक्या बंद.

परत आलो त्या दिवशी कुलूप काढल्या काढल्या मला तो वास आला. इतकी वर्षं न येणारा वास मला आला, यावरून काय ते समजा. कोपऱ्यातली काळी नक्षी दाराच्या चौकटीपर्यंत आली होती. कपाटाचं दार उघडायला जोर लावावा लागला, बिजागरी गंजली होती. आत पुरचुंडी ओलीगच्च होऊन लोंबत होती. वाटी भरून वाहिली होती, खारट पाणी कप्प्यांच्या पत्र्यावरून गंज घेऊन खाली उतरलं होतं, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात लुगडं होतं.

लुगडं मी प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पिशवीत ठेवलं होतं. ओल लागू नये म्हणून. चेनीच्या फटीतून पाणी आत गेलं होतं आणि बाहेर यायला त्याला वाट नव्हती. त्यात उन्हाळ्यात मी त्याला तांदळाच्या पेजेची खळ करून ठेवली होती, कडक राहावं म्हणून. खळ म्हणजे बुरशीचं जेवण. मी स्वतःच्या हातानं जेवण वाढलं, पाणी ठेवलं आणि दार बंद करून सोळा दिवस निघून गेले. घडी उलगडली तर जिथं मिठाचं पाणी जाड होतं तिथं नुसते तपकिरी गंजाचे डाग होते, कारण एवढ्या मिठात बुरशी येत नाही. पण जिथं ती ओल पातळ होऊन पसरली होती तिथं काळे ठिपके. पदरावर, काठावर, घडीच्या प्रत्येक रेघेवर.

मी तिथंच जमिनीवर बसले. बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गो? कसला वास येतो?"

"काय नाय आई," मी म्हटलं. "भिंत भिजलीय."

दिव्याची अवस सहा दिवसांवर होती.

पहिले दोन दिवस भिंत आणि कपाट. नवऱ्याच्या डोळ्याला पट्टी, त्याला धूळ आणि धूर चालत नव्हता, म्हणून तो आणि सासूबाई पुढच्या खोलीत, मधलं दार बंद. मी एकटीनं कपाट रिकामं केलं आणि रेटत रेटत भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा भिंतीपासून सुटलं. तोंडाला ओलं फडकं बांधलं, कारण सुकी बुरशी घासली की तिची भुकटी उडते, छातीत जाते आणि घरभर नव्यानं रुजते. म्हणून आधी भिंत पाण्यानं ओली केली, मग पत्र्यानं तो भारीतला रंग फुग्यांसकट खरवडला. खालच्या बाजूला पांढरी भुकटी होती. तो लोणा, भिंतीतला क्षार, तो नुसता सुक्या ब्रशनं झाडला की जातो. काळं मात्र जिवंत असतं. त्याला ब्लिचिंग पावडरचं पाणी लावलं, खिडक्या सताड उघड्या ठेवून, आणि अर्धा तास तसंच ठेवून पुसलं. या पाण्यात दुसरं काही मिसळायचं नाही. शेजारणीनं एकदा जोर यावा म्हणून संडास धुवायचं ॲसिड मिसळलं होतं आणि ती खोकत खोकत गॅलरीत येऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर टेबलफॅन लावून ठेवला. कपाटाचा पत्रा साबणानं धुतला, पुसला, गंज कानसला, दारं उघडी टाकली. कंबर माझी नव्हतीच, ती कुठं तरी दुसऱ्याच बाईची होती. स्वयंपाकघरात उभी राहून पिठलं ढवळताना डोळे मिटत होते. पण हे सगळं काम मला करता येतं, हे तरी होतं. लुगड्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

पांढरं असतं तर ब्लिचमध्ये घातलं असतं. निळ्याला ते चालत नाही, रंगच उडतो. मी ते तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळलं, कारण मीठ कापडात राहिलं तर ते वाळलं तरी परत हवेतली ओल ओढतं. मग कोमट पाण्यानं खळ काढली. गंजाच्या डागांना लिंबू आणि मीठ लावलं आणि ते खरोखर फिके झाले, थोडा आनंद झाला. काळ्या ठिपक्यांना लिंबू काही करेना. रंगीत कपड्यांची डाग काढायची पावडर आतल्या टोकाला थोडी लावून पाहिली, रंग टिकला, म्हणून त्या पाण्यात तासभर ठेवलं. ठिपके काळ्याचे करडे झाले. गेले नाहीत. बुरशी नुसती वर बसत नाही, ती धागा खाते, आणि खाल्लेला धागा धुऊन परत येत नाही.

आणि वाळणार कुठं? घरात दोरीवर टांगलं तर सासूबाईंच्या नाकाखाली. बाहेर ऊन नाही. दोन दिवस ते ओलंच राहिलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात, बुरशी परत आली असती. शेवटी चौथ्या दिवशी मी ते पिशवीत घातलं, "पेणला भावाकडं जाऊन येते," असं सांगून एसटीत बसले.

"एवढ्या पावसात?" सासूबाई म्हणाल्या.

"काम हाय," मी म्हटलं. खोटं बोलले नाही. तेवढंच समाधान.

नागोठण्याला पुलाखाली अंबा नदी गढूळ होऊन वाहत होती. एसटीच्या खिडकीतून पाणी आत येत होतं आणि माझ्या मांडीवर ती पिशवी. मला एकाच गोष्टीची लाज वाटत होती. माझ्या माहेरच्या मिठानं त्यांच्या माहेरचं लुगडं खाल्लं होतं. बावीस वर्षं मी ते बुरशीपासून राखलं आणि शेवटी माझ्याच हुशारीनं घालवलं. त्या बाईचं माहेर म्हणजे एवढंच कापड उरलं होतं.

भावाच्या कारखान्यात तेव्हा घाईचे दिवस होते. मूर्ती ओल्या, पाऊस हटत नाही, म्हणून मागच्या शेडमध्ये मोठे हॅलोजन आणि पंखे लावून मूर्ती वाळवत होते. तिथं गरम, कोरडी हवा होती. आषाढात इतकी कोरडी हवा मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही, दोन मिनिटं नुसती उभी राहिले तरी बरं वाटलं. भावानं लुगडं हातात घेतलं, उलगडून धरलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ताय, याला काय जालं?"

"तुझं मीठ," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू आलं. कारखान्यातल्या चार माणसांसमोर, रंगाच्या डब्यांमध्ये उभी राहून मी रडले.

त्यानं मागच्या भिंतीजवळ दोरी बांधली, दिव्यांपासून हातभर लांब, म्हणजे कापड करपणार नाही, आणि पंखा तिकडं वळवला. "एकदा पिळून टांगू," तो म्हणाला, "पानी हाय अजून." दोघांनी दोन टोकं धरली. आम्ही लहानपणी आईचं लुगडं असंच पिळायचो. मी जोर लावला नव्हता, खरंच नव्हता. पण घडीची जी रेघ जास्त काळी होती तिथं ते कापड फाटलं. आवाजसुद्धा फार झाला नाही. वीतभर फाटलं, आणि मग दुसऱ्या रेघेवर आणखी.

भाऊ म्हणाला, "ताय, हे आता नेसवता यायचं नाय."

मला ते कळत होतं.

दुपारी वाळल्यावर त्यानं घडी केली आणि म्हणाला, "मी येतो तुज्यासंगं. मीठ माजं होतं. मी सांगतो त्यांना." मी नको म्हटलं. तो ऐकेना. मालकाची बोलणी खाऊन, अर्ध्या दिवसाचं काम टाकून तो माझ्याबरोबर निघाला. या भावाला मी आयुष्यभर विसरभोळा म्हणत आले. राखी पौर्णिमा विसरणारा, आईच्या औषधाची चिठ्ठी विसरणारा. त्या दिवशी मात्र तो शहाण्यासारखा वागत होता आणि मी वेड्यासारखी.

रोह्याला पोचलो तर सासूबाई मागच्या खोलीत, उघड्या कपाटासमोर पाटावर बसल्या होत्या. मधलं दार त्यांनी स्वतः उघडलं होतं. हात खालच्या कप्प्यावर होता, रिकाम्या पत्र्यावर.

"घेऊन गेलीस व्हय?" त्या म्हणाल्या.

मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. काही लपवलं नाही. दुप्पट मीठ, वाटी, खळ, प्लॅस्टिकची पिशवी, पेणचा कारखाना, फाटलेल्या दोन रेघा, सगळं एका दमात सांगितलं. मध्येच भाऊ म्हणाला, "आई, मीठ माजं. चूक माजी." आणि त्यांच्यासमोर खाली बसला.

सासूबाईंनी घडी उलगडली. दिसत नव्हतं, पण बोटं फाटलेल्या जागी बरोबर जाऊन थांबली. तिथं त्या बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. मग नाकाजवळ नेलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओझं उतरल्यासारखं वाटलं असतं.

"माझ्या भावाचा हात होता याला," त्या म्हणाल्या. तेवढंच. त्यांच्या गालावरून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मीही रडत होते. नवरा दारात उभा राहून एका डोळ्यानं बघत होता.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या भावाच्या दिशेनं, थोडी चुकवूनच, पाहिलं. "मीठ तुझं ना रे?"

"व्हय."

"मग नुकसान कोण भरणार?"

भाऊ म्हणाला, "मी भरतो. उद्याच घेऊन येतो लुगडं. पेणला चांगली मिळतात, तुमाला पायजे त्या रंगाचं."

"नको. आता नाय आणायचं."

"का?"

"आता आणलंस तर ही बाय ते बी कपाटात ठेवंल." त्यांनी माझा हात शोधला आणि धरला. ब्लिचच्या पाण्यानं माझ्या बोटांची सालं निघाली होती, ती त्यांना लागली असणार. "बावीस वर्सं हिनं माझं लुगडं पुसलं. आठ दिवसानं काढ, पुस, ठेव. मी आपली वर्साला एकदा म्हणायची, दाखव. हिची कंबर गेली तरी मला कळलं नाय गो." मग परत भावाकडे वळून म्हणाल्या, "कपाटात नको. तू तुझ्या ध्यानात ठेव. मी गेले म्हणून हिचा फोन आला की तवा आण. नवं आण. भाऊ म्हणून आण."

भाऊ हो म्हणाला. लगेच म्हणाला, विचारही केला नाही. सगळी दुनिया सोडून यांनी लुगडं माझ्या या विसरभोळ्या भावावर टाकलं. कपाटातलं लुगडं निदान हाताला लागत होतं.

निळ्या लुगड्याचे त्यांनी स्वतःच दोन तुकडे करायला लावले. चांगला तुकडा मी दुमडून शिवला आणि त्यांना पायावर घ्यायला दिला. त्या तो रोज पांघरून बसायच्या. दिव्याच्या अवसेला दिवे घासून झाल्यावर मी सवयीनं हात पुसत उठले, आणि त्या म्हणाल्या, "बस गो." लुगडं न काढता मी बसले, ते पहिलं वर्ष.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. भिंतीशी माझं भांडण चालूच आहे, कपाट वीतभर पुढंच उभं आहे. भाऊ फोन करायचा, मिठाचं विचारायचा नाही, सासूबाईंचं विचारायचा. पण लुगड्याचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. आठवण करून दिली तर ते माझं लुगडं झालं असतं, त्याचं नाही. तरी रात्रंदिवस मनात एक टाचणी टोचायची. विसरला तर?

गेल्या माघात, सकाळी चहा झाल्यावर, सासूबाई गेल्या. कुणाला त्रास दिला नाही. मी नवऱ्याला हाक मारली, मुलीला आणि मग भावाला फोन केला. भावाला एवढंच म्हटलं, "आई गेल्या." तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. लुगड्याचं मी काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी त्याला ध्यानात ठेवायला सांगितलं होतं.

बायका जमल्या, आंघोळ घातली. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढत होतं. गावाकडचे म्हातारे घाई करू लागले. त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा आत येऊन मला म्हणाला, "सूनबाई, म्हातारीच्या माहेराला कोण उरलं नाय, आमाला ठावं हाय. घरातलंच एक चांगलं लुगडं काढ. उगी थांबायला नको."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. पेणहून यायला लागणारा वेळ कधीच उलटून गेला होता. माझ्या कपाटात तीन लुगडी होती, धुतलेली, कोरडी, एकालाही डाग नसलेली. हात लांब केला असता तर मिळालं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "माहेरचं येतंय."

"कोण येतंय?"

"यांचा भाऊ."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल की दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण माणसं अंगणात परत बसली.

साडेअकराला भाऊ आला. घामानं भिजलेला, पायात वेगवेगळ्या चपला. पेणमधलं लुगड्याचं दुकान दहाला उघडतं, त्याच्या दारात तो आठपासून बसला होता. तो सरळ आत आला, उंबऱ्याशी वाकला आणि छातीशी धरलेलं नवं निळं लुगडं त्यानं सासूबाईंच्या पायाशी ठेवलं. शेजारच्या म्हातारीनं ते उचललं, अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माहेरचं आलं," आणि आम्ही बायकांनी त्यांना नेसवायला घेतलं.